‘फोटोत असं नव्हतं’: ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर फोटोतून किती पुसायचं?

तुमची अडचण मला अशी समजली. ऑनलाइन विकायला ठेवलेल्या टेबल लॅम्पचे पहिले फोटो टाकले तेव्हा लोक म्हणाले, फोटो गबाळे आहेत, वायरी लोंबतायत, माल जुना वाटतो. म्हणून तुम्ही फोटो साफ केले. मग ‘फोटोत असं नव्हतं’ म्हणत लॅम्प परत यायला लागले. तुम्ही घाबरून मूळ फोटो लावले, तर विचारणाच कमी झाल्या. आता पुन्हा साफ केलेत, या वेळी जरा बेतानं, तरी तक्रारी आहेतच.

बेतानं पुसून ही तक्रार जात नाही. फोटोतले धुळीचे शंभर ठिपके पुसले तरी कुणी काही म्हणत नाही, आणि एकच वायर पुसली की पार्सल परत येतं. तेव्हा किती पुसलं यापेक्षा काय पुसलं ते बघावं लागेल. मी स्वतः एक साधी कसोटी वापरतो: वस्तूवरची जी गोष्ट हातातल्या फडक्यानं पुसता आली असती, तीच फोटोत पुसायची. धूळ, बोटांचे ठसे, कापडाचे तंतू, स्टिकरचा उरलेला चिकटा हे फडक्यानं जातं, म्हणून फोटोतूनही जाऊ द्या. वायर, शिवण, स्क्रू, सांधा हे फडक्यानं जात नाही, म्हणून ते राहू द्या. वस्तूच्या बाहेरचं जे आहे, म्हणजे मागची भिंत, टेबलाची कड, टेकू म्हणून लावलेला ठोकळा, ते मनसोक्त पुसा. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

या कसोटीला दोन-तीन अपवाद आहेत आणि तक्रारी बऱ्याचदा तिथेच अडकलेल्या असतात. त्यामुळे तुमचाच लॅम्प घेऊन सगळं बघू.

आधी तक्रारी वाचा, मोजू नका

आलेल्या तक्रारी एका कागदावर गिऱ्हाइकाच्या शब्दांत जशाच्या तशा उतरवा. ‘माल वेगळा’ असा सारांश लिहू नका, त्यात नेमकी गोष्ट हरवते. मग त्यांचे गट पाडा.

पहिला गट ‘हे फोटोत नव्हतं, पण आलं’ असा. वायर आहे हे कळलंच नाही, शेडला मागे शिवण आहे, दांड्याला मध्ये जोड आहे. हा जास्त पुसल्याचा गट. दुसरा ‘हे फोटोत होतं, पण आलं नाही’ असा. बल्ब नाही मिळाला, फोटोतला गोल स्टँड कुठे आहे. हा कमी पुसल्याचा, किंवा पुसून न सुटणारा गट. तिसरा जरा धूसर असतो: लहान वाटला, हलका वाटला, चमक वेगळी आहे. यातल्या निम्म्या तरी तक्रारी सावली आणि प्रतिबिंब पुसण्यातून येतात. त्याबद्दल पुढे बोलू.

रंग वेगळा दिसल्याच्या तक्रारी बाजूला काढा. रंग बिघडतो तो प्रकाशामुळे आणि कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्समुळे. त्या तक्रारींसाठी पुसण्याला दोष दिलात तर चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसाल. वाटेत फुटलेला मालही या कागदावर नको.

मग बघा, नक्की काय काय पुसलं गेलं आहे

आपण फोटोतून काय काढलं हे आपल्याला आठवतं असं वाटतं, पण ते खरं नसतं. वायर काढल्याचं लक्षात राहतं. इरेजरनं त्याच फटक्यात वायरवरचा स्विच आणि बैठकीखालची सावलीही नेली, हे लक्षात राहत नाही. म्हणून मूळ आणि साफ केलेला फोटो एकमेकांवर ठेवून फरक काढा. ImageMagick हा कमांडनं चालणारा फोटोंचा प्रोग्राम असेल तर एका ओळीत होतं:

```
magick compare -fuzz 8% original.jpg edited.jpg diff.png
```

जिथे बदल झाला आहे तिथे `diff.png` मध्ये लाल ठिपके दिसतील. `-fuzz 8%` अशासाठी की जेपीजी फाइल पुन्हा सेव्ह केली की सगळीकडे बारीक फरक पडतो, आणि तो मोजला तर सगळा फोटोच लाल होतो. तरीही लाली जास्त असेल तर आकडा थोडा वाढवा. दोन्ही फोटोंचा आकार पिक्सेलमध्ये सारखाच हवा. साफ केल्यावर कडा कापल्या असतील तर ही तुलना जमणार नाही. तेव्हा यापुढे आधी पुसायचं आणि कडा शेवटी कापायच्या, अशी सवय लावून घ्या.

कमांड चालवायचा कंटाळा असेल तर GIMP किंवा Photopea मध्ये दोन्ही फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. जिथे काही बदललेलं नाही तिथे काळं दिसेल, बदल झालाय तिथे उजळ.

आता या चित्राशेजारी तक्रारींचा कागद ठेवा. लॅम्पच्या बाहेरच्या बदलांकडे बघायचं कारण नाही. लॅम्पच्या अंगावर जिथे जिथे फरक दिसतो, त्या प्रत्येक ठिकाणाला विचारा: हे फडक्यानं गेलं असतं का? ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल, ते कागदावरच्या कुठल्या ना कुठल्या तक्रारीशी जुळताना दिसेल.

मूळ फोटोच ठेवला नसेल, तर मात्र इथे उपाय नाही. लॅम्प पुन्हा टेबलावर आणा आणि नव्यानं फोटो काढा. पुसलेल्या फोटोत वायर परत रंगवत बसू नका, तो दुसरा खोटेपणा होईल.

वायर: सगळ्यात महाग पडणारी सफाई

तुमच्या साफ केलेल्या पहिल्या फोटोत लॅम्प पांढऱ्या बॅकग्राउंडवर उभा आहे आणि वायर कुठेच नाही. फोटो सुरेख आहे यात वाद नाही. पण आज बाजारात चार्जिंगवर चालणारे टेबल लॅम्प भरपूर आहेत. वायर न दिसणारा लॅम्प पाहून गिऱ्हाईक सरळ अर्थ काढतं की हा चार्जिंगचा आहे, कुठेही ठेवता येईल. खाली वर्णनात ‘वायरची लांबी 1.5 मीटर’ लिहिलेलं असतं हे मान्य, पण डोळ्यांनी आधी निर्णय घेतलेला असतो, आणि वर्णन वाचलं जातं ते पार्सल उघडल्यावर, भांडताना.

इथे मी एक फरक करतो. वस्तू *वापरता येईल की नाही* हे ज्यावर ठरतं, ते पहिल्याच फोटोत दिसायला हवं. वस्तू *आवडेल की नाही* एवढंच ज्यावर ठरतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत आलं तरी चालतं. वायर पहिल्या प्रकारात मोडते. ज्याला लॅम्प भिंतीपासून लांब ठेवायचा आहे, त्याच्यासाठी वायर असलेला लॅम्प निरुपयोगी आहे. आणि पुष्कळ लोक पहिला फोटो सोडून बाकीचे उघडतच नाहीत.

पण मूळ फोटोतली ती वेटोळी, खोक्यात दुमडून वाकडी झालेली वायर तशीच ठेवा असं मी म्हणत नाही. फोटो काढण्याच्या आदल्या दिवशी वायर सोडून सरळ लटकवून ठेवा, घड्या बऱ्याच उतरतात. बैठकीतून ती जिथून बाहेर येते ती बाजू थोडी तिरकी, कॅमेऱ्याला अर्धवट दिसेल अशी ठेवा. तिथून वायर एका संथ वळणानं मागे नेऊन फोटोच्या चौकटीबाहेर जाऊ द्या. वळण टिकावं म्हणून मागच्या बाजूनं पारदर्शक चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा. ती चिकटपट्टी फोटोतून खुशाल पुसा, ती काही पार्सलमध्ये जाणार नाही. आता फोटो नीटनेटका दिसतो आणि वायरही दिसते. दुसऱ्या एका फोटोत वायर पूर्ण उलगडून, स्विच आणि प्लग दिसतील अशी दाखवा. स्विच वायरवर आहे की बैठकीवर, हा प्रश्न विकत घेणाऱ्याला नेहमी पडतो आणि विचारायचा राहून जातो.

पुसताना वायरचं टोक कुठे आलं तेही बघा. काही जण वायर बैठकीपासून दोन बोटांवर ‘संपवतात’. फरकाच्या चित्रात ते लगेच दिसतं. अर्धी वायर पूर्ण पुसण्यापेक्षा वाईट, कारण बघणाऱ्याला ती चार्जिंगची छोटी केबल वाटते.

शेडची शिवण आणि हील टूलची सवय

कापडी शेडला एक उभी शिवण असतेच. कापडाचा पट्टा गोल वळवून जिथे जोडतात तिथे कापडाचा दुहेरी थर येतो, आणि आतला दिवा लागला की तिथे गडद रेघ उमटते. तुम्ही ती हील टूलनं काढली आहे. दोन गोष्टी बिघडल्या. गिऱ्हाइकाला घरी ती रेघ दिसली, हा पहिला बिघाड. दुसरा असा की हील टूल आजूबाजूच्या जागेचा पोत उचलून मधल्या जागेत मिसळतं. भिंतीसारख्या एकसारख्या जागेवर ते खपून जातं. विणलेल्या कापडावर मात्र आडवे धागे मध्येच तुटतात आणि तिथे पुसट, मेणचट पट्टा दिसतो. झूम करून बघणारं गिऱ्हाईक त्यालाच डाग समजतं. म्हणजे एक खरी शिवण लपवून तुम्ही एक खोटा डाग तयार केलात.

यावर उपाय कॅमेऱ्याच्या अलीकडचा आहे: शेड फिरवा. शिवण मागे गेली की पुढून काही दिसत नाही, पुसायलाही काही उरत नाही. लोक विचारतात, मग हे लपवणंच झालं की. पण घरीसुद्धा माणूस शिवण भिंतीकडे करूनच लॅम्प ठेवतो, म्हणून मला हे चालतं. फक्त एका फोटोत दिवा लावून मागची बाजू दाखवा, रेघ दिसू द्या आणि खाली ‘मागच्या बाजूची शिवण’ असं लिहा. ज्याला ती खुपते तो घेणार नाही, आणि तो न घेतलेलाच बरा.

बल्ब, पुस्तक आणि हात

‘बल्ब आला नाही’ ही तक्रार पुसून सुटत नाही. फोटोत दिवा लागलेला आहे, शेड उजळली आहे. आतला बल्ब पुसलात तर बल्बशिवाय उजळणारी शेड उरेल. इथे वेगळा फोटो लागतो: खोक्यातून निघणाऱ्या सगळ्या वस्तू टेबलावर ओळीनं मांडून, वरून काढलेला. शेड, दांडा, बैठक, स्क्रूची पुडी, माहितीपत्रक, जे जे येतं ते सगळं, आणि जे येत नाही ते काहीच नाही. तिथे बल्ब नाही हे दिसतं, आणि खाली ‘बल्ब सोबत नाही’ हे एक वाक्य हवंच.

या फोटोचा मला आणखी एक उपयोग होतो. मांडणीच्या फोटोत जी वस्तू आहे पण पहिल्या फोटोत दिसत नाही, ती आपण पुसली किंवा लपवली आहे. पहिल्या फोटोत आहे पण मांडणीत नाही, ती पुसायची किंवा उचलायची राहिली आहे. दोन फोटो शेजारी ठेवून दोन मिनिटांत कळतं.

सजावटीचं सामान ठेवावं की काढावं, याला मी एवढंच विचारतो: हे सोबत मिळेल असं कुणाला वाटू शकेल का? लॅम्पशेजारी उघडं पुस्तक असेल तर ते मिळेल असं कुणी समजत नाही. पण लॅम्पखालची गोल लाकडी चकती मिळेल असं सहज वाटतं, कारण ती बैठकीचाच भाग दिसते. पुस्तक राहू द्या, चकती काढा. शक्यतो फोटो काढण्याआधी हातानं काढा. नंतर पुसायला गेलात तर बैठकीची खालची कड तिच्यासोबत खाल्ली जाते, आणि बैठक प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा पातळ दिसते. स्विच दाबणारा हात मात्र ठेवा. हात पार्सलमध्ये येईल असं कुणालाच वाटत नाही, आणि लॅम्प केवढा आहे हे त्याच्यावरून चटकन कळतं.

सावली पुसली की लॅम्प लहान होतो

‘लहान वाटला’ या तक्रारीनं तुम्हाला कोड्यात टाकलं, कारण उंची वर्णनात बरोबर लिहिली होती. मूळ फोटो बघा. बैठक जिथे टेबलाला टेकते तिथे एक बारीक गडद पट्टी आहे, तिच्या पुढे मऊ सावली पसरली आहे. साफ केलेल्या फोटोत दोन्ही नाहीत. लॅम्प पांढऱ्या पोकळीत तरंगतोय. टेकण्याची जागा दिसली नाही की वस्तू किती मोठी, किती जड, सपाट बुडाची की पायांवर उभी, हे डोळ्याला ठरवता येत नाही. मग प्रत्येक जण मनानं माप धरतो, आणि बहुतेकांनी धरलेलं माप खऱ्यापेक्षा मोठं निघतं.

सावली पुसली जाण्यामागे बहुतेक वेळा पांढऱ्या बॅकग्राउंडची अट असते. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरं, म्हणजे आरजीबीत 255, 255, 255 असं बॅकग्राउंड लागतं आणि चौकटीचा 85 टक्के भाग वस्तूनं व्यापलेला हवा असतो. ती अट पाळायला माणूस लॅम्प कापून पांढऱ्यावर चिकटवतो, आणि मग तोच कापलेला लॅम्प बाकीच्या सगळ्या फोटोंतही वापरतो. तिथेच चूक होते. पांढऱ्याची अट मुख्य फोटोपुरती आहे. बाकीच्या फोटोंत लॅम्प खऱ्या टेबलावर, खऱ्या सावलीसकट राहू द्या.

शेड पांढरी किंवा फिकट असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. बॅकग्राउंड पांढरं करताना शेडची उजळ बाजू त्यात विरघळून जाते आणि शेडची रुंदी एका बाजूनं कमी दिसते. मूळ फोटोत आणि साफ केलेल्या फोटोत शेडची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. ती सारखीच यायला हवी.

चमकणारा दांडा

पितळी दांड्यात तुम्ही स्वतः, तुमचा फोन आणि मागची खिडकी दिसत होती, म्हणून तुम्ही दांडा गुळगुळीत करून टाकलात. कसोटीप्रमाणे प्रतिबिंब पुसायला हरकत नाही, कारण ते लॅम्पसोबत जात नाही. पण दांड्यावरून सगळीच प्रतिबिंबं गेली की धातू धातूसारखा दिसतच नाही. चकचकीत पितळ फोटोत ओळखू येतं ते त्यातल्या उजळ-गडद पट्ट्यांमुळे. त्या पुसल्यावर दांडा मॅट रंग दिलेला दिसतो, आणि ‘फोटोत मॅट होता, आला तो चकचकीत’ अशी तक्रार येते. तुमच्या कागदावर ‘चमक वेगळी’ म्हणून लिहिलेलं आहे, ते हेच.

प्रतिबिंब पुसण्यापेक्षा बदलणं सोपं. लॅम्पच्या दोन्ही बाजूंना आणि कॅमेऱ्यापुढे मोठे पांढरे कागद उभे करा आणि पुढच्या कागदाला लेन्सपुरतं भोक पाडा. आता दांड्यात कागदाचा पांढरा पट्टा दिसेल, माणूस दिसणार नाही. थोडं मागे सरकून झूमनं फोटो काढला की जे प्रतिबिंब उरतं तेही बारीक होतं. मग राहिला तर लेन्सचा एक काळा ठिपका, तेवढा पुसा. पोलरायझिंग फिल्टर लावून बघू असं कुणी सुचवलं तर खर्च करू नका. काच आणि प्लास्टिकवरची झळाळी तो कमी करतो, उघड्या धातूवरची नाही.

एका नगाचा डाग की सगळ्याच नगांचा?

आता फडक्याच्या कसोटीचा खरा अपवाद. तुमच्या बैठकीवर चिनीमातीची झिलई आहे आणि तिच्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आहेत. शेजारी एक ओरखडाही आहे. फडक्यानं दोन्ही जात नाहीत. पण ओरखडा तुमच्या हातून या एका नगाला पडला आहे, आणि गिऱ्हाइकाला जाणारा नग वेगळा आहे.

गोदामातून आणखी तीन नग आणा आणि शेजारी ठेवा. ओरखडा त्या तिघांवर नसेल तर तो फोटोतून काढा. छिद्रं तिन्हींवर असतील, जागा बदलून का होईना, तर ती या मालाचा भाग आहेत. ती पुसायची नाहीत. उलट जवळून काढलेल्या एका फोटोत ती दिसू द्या, कारण ‘झिलईत छिद्रं आहेत, खराब माल पाठवला’ ही तक्रार येते ती गुळगुळीत फोटो पाहिलेल्यांकडूनच. खरं तर ओरखडाही पुसत बसू नका. तीन नग समोर आहेतच, त्यातला चांगला उचला आणि फोटो पुन्हा काढा. पाच मिनिटांत काम होतं.

वापरलेली किंवा एकमेव वस्तू विकत असाल तर हा अपवाद लागू नाही. फोटोतला नगच गिऱ्हाइकाला जाणार असतो. तिथे धुळीखेरीज वस्तूच्या अंगावरचं काहीही पुसू नका, धूळही खऱ्या फडक्यानं.

पुसण्याच्या साधनाची खोड

फोनमधला इरेजर असो की संगणकावरचा, तो वस्तू काढून मागचं दृश्य ‘उघडं’ करत नाही. मागे काय होतं हे त्याला माहीतच नसतं. आजूबाजूचं बघून तो ती जागा भरून काढतो. त्यामुळे मोकळ्या भिंतीवर तो भरवशाचा, आणि वस्तूच्या अंगावर बेभरवशाचा. त्याचे उद्योग ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: तोच नमुना शेजारी शेजारी दोनदा येतो, सरळ कड मध्येच किंचित वाकते, वस्तू जाते पण तिची सावली किंवा प्रतिबिंब मागे राहतं. सगळ्यात जास्त धोका अक्षरांना. बैठकीखालच्या स्टिकरवर व्होल्टेज आणि वॅटचे आकडे असतात. त्याच्या जवळून इरेजर फिरला की अक्षरं अक्षरांसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत, क्वचित आकडाच बदललेला दिसतो. किती वॅटचा बल्ब चालेल हे लोक तिथूनच वाचतात. त्या फोटोला इरेजर लावूच नका.

तपासायला फोटो 100 टक्क्यांवर झूम करा आणि एकदा आडवा उलटवून बघा. उलटवलेल्या फोटोत सरावलेल्या डोळ्यालाही वाकडं दिसायला लागतं. पुसायची खूण बोटानं मोठी न ओढता वस्तूपुरती ओढा, कारण साधन जितकी जागा दिली तितकी नव्यानं भरतं. आणि फोनच्या कॅमेऱ्यात ‘सुंदर’ करणारी सोय चालू असेल तर ती बंद करा. ती शेडच्या कापडाची वीण फोटो काढतानाच पुसू शकते, मग मूळ फोटोही मूळ राहत नाही, आणि वर सांगितलेल्या तुलनेत ती चोरी पकडली जात नाही.

बदल केल्यावर तो लागू पडला का, हे कसं कळेल

नवे फोटो टाकण्याआधी लॅम्प कधीही न पाहिलेल्या एखाद्याला ते दाखवा, मग लॅम्प हातात द्या आणि एवढंच विचारा: काय वेगळं वाटतंय? ‘फोटो चांगला आहे का’ असं विचारलं तर चांगला म्हणतील आणि काही हाती लागणार नाही. जे पहिलं सांगतील, तीच तुमची पुढची तक्रार.

फोटो बदलल्यावर आठवडाभर जुन्याच तक्रारी येत राहतील. तेव्हा गोंधळून पुन्हा मूळ फोटो लावू नका. मला वाटतं तुमचं मागचं चक्र असंच फिरलं. तक्रार कधी आली ते न बघता, ती ज्या ऑर्डरची आहे ती ऑर्डर कधी दिली गेली ते बघा. फोटो बदलण्याआधीची ऑर्डर असेल तर ती जुन्या फोटोचीच तक्रार आहे. आणि तुलना दिवसांवर करू नका, ऑर्डरींवर करा: आधीच्या तीस ऑर्डरींत वायरच्या किती तक्रारी होत्या आणि नंतरच्या तीस ऑर्डरींत किती आल्या. इतक्या थोड्या ऑर्डरींवर एक-दोन तक्रारींचा फरक काही सांगत नाही. पण वायरची तक्रार पूर्ण थांबली आणि शिवणीची तेवढीच राहिली, तर मागच्या बाजूचा फोटो कुणी बघत नाहीये. तो पुढे, दुसऱ्या क्रमांकावर आणा.

एवढं करूनही नव्या ऑर्डरीवर जुनीच तक्रार आली, तर जुना फोटो अजून कुठेतरी जिवंत आहे. त्याच लॅम्पच्या दुसऱ्या रंगाच्या पानावर, चॅटमध्ये पाठवायच्या कॅटलॉगमध्ये, नाहीतर खोक्यावरच छापलेला. गिऱ्हाइकाला सरळ विचारा की तुम्ही कोणता फोटो पाहिला होता, त्याचा स्क्रीनशॉट पाठवाल का. मी विचारतो तेव्हा बहुतेक जण पाठवतात.